पंचवीस टक्के नफा, पण कशावर? खरेदीवर का विक्रीवर?

परभणीला मामाचं कपड्याचं दुकान आहे, आणि यावेळी मार्चएंडला स्टॉक मोजला तर साठ हजाराचा माल कमी. मामा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत, दुकानातल्या पोराकडं नुसतं डोळे वटारून बघायचे, आणि ते बिचारं पोरगं चार वर्षांपासून शटर उघडतंय. मी अभ्यासिकेतून सुट्टीला गेलो होतो म्हणून वही माझ्यासमोर आली.

मामांचा हिशोब असा (जीएसटी बाजूला ठेवा, नाहीतर डोकं फिरतं). वर्षाच्या सुरुवातीला माल 4 लाखाचा, वर्षभरात खरेदी 10 लाखाची, म्हणजे 14 लाख. विक्री 12 लाख. "आपल्याला पंचवीस टक्के सुटतात, म्हणून 12 लाखातले 3 लाख नफा, 9 लाखाचा माल गेला, 5 लाखाचा उरायला पाहिजे." मोजला तर 4 लाख 40 हजाराचाच निघाला.

मी विचारलं, मामा, हे पंचवीस टक्के कशावर? तर म्हणे, कशावर म्हणजे काय, पंचवीस टक्के म्हणजे पंचवीस टक्के!

इथंच सगळी गोची आहे. मामा भाव कसा टाकतात ते बघितलं तर बिलात 1200 चा ड्रेस आला की त्याच्यावर पाव भाग चढवून 1500 चं स्टिकर. 1200 वर 300 म्हणजे पंचवीस टक्केच, पण खरेदीवर. गल्ल्यात जे 1500 येतात त्यातले 300 म्हणजे वीसच टक्के. भाव टाकताना एक पाया आणि गल्ला मोजताना दुसरा, आणि दोन्हीकडं आकडा तोच पंचवीस. नीट करायचं तर 12 लाखाला 1.25 नं भागायचं, 9 लाख 60 हजाराचा माल गेला, 14 मधून वजा केला की बरोब्बर 4 लाख 40 हजार. म्हणजे माल कुठंच गेला नव्हता, पोरगं उगाच बदनाम होत होतं.

शाळेत आपल्याला शेकडा नफा खरेदीच्या किमतीवरच शिकवलाय, आणि तलाठी भरतीसारख्या परीक्षेत प्रश्नात काही सांगितलं नसेल तर तसंच धरायचं, तिथं वाद घालू नका. "विक्रीच्या किमतीवर वीस टक्के" असं स्पष्ट लिहिलं असेल तरच पाया बदलायचा, आणि अशा प्रश्नाच्या पर्यायांत बहुतेक वीस पण असतो आणि पंचवीस पण, मुद्दाम ठेवलेले. बाजारात मात्र मार्जिन म्हटलं की बरेच लोक विक्रीवर बोलतात, कारण रोज डोळ्यासमोर गल्लाच असतो. जुनी माणसं रुपयामागं चार आणे म्हणायची, त्यातही तेच, रुपया गुंतवलेला का गल्ल्यात आलेला?

एकावरून दुसरा काढायला सोपी युक्ती आहे. टक्क्याचा अपूर्णांक करा. खरेदीवर पाव म्हणजे 1/4, खालच्या चारात वरचा एक मिळवा, झाला 1/5, विक्रीवर वीस टक्के. उलटं जायचं तर वजा करा, विक्रीवर 1/4 पाहिजे तर खरेदीवर 1/3 चढवावा लागतो, म्हणजे तो 1200 चा ड्रेस 1600 ला लावावा लागतो, 1500 ला नाही. आणि कोणी शंभर टक्के किंवा त्याच्या वर नफा सांगत असेल तर तो खरेदीवरचाच, कारण विक्रीवर शंभर टक्के व्हायला माल फुकटात यावा लागतो. तोट्यात मात्र उलटं होतं बरं का, 100 चा माल 80 ला गेला तर खरेदीवर तोटा वीस आणि विक्रीवर पंचवीस.

खरा मार बसतो सेलमध्ये. मामांनी दिवाळीला वीस टक्के डिस्काउंटचा बोर्ड लावला होता, मनात हिशोब असा की पंचवीसातले वीस गेले तरी पाच उरतात. डिस्काउंट नेहमी स्टिकरवर सुटतो, 1500 चे वीस टक्के 300, ड्रेस जाणार 1200 ला. उरणार शून्य, वरून लाईटबिल आणि कॅरीबॅग खिशातून. नशीब त्या बोर्डाकडं बघून कोणी आलंच नाही 😅

परवा एजंट आला, नवीन लॉट दाखवत म्हणे शेठ यात तीस टक्के आरामात. मामांनी चहा सांगितला आणि विचारलं, बिलावर का स्टिकरवर? तो जरा थांबला, मग म्हणाला बिलावर. मामांनी मोबाईलवर 30 भागिले 130 केलं, तेवीसच्या जरा वर आलं, आणि म्हणाले, मग रेट कमी कर.