प्रशासनातील म्हणी

लोकप्रशासनातील अभिजात तत्त्वे परस्परविरोधी सल्ला देतात, म्हणून त्यांना शास्त्रीय नियमांचा दर्जा देता येत नाही, अशी टीका या नावाने ओळखली जाते. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अभ्यासकाने ती १९४६ मध्ये एका लेखात मांडली आणि १९४७ मधील ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेविअर’ या ग्रंथात तिला स्थान दिले. म्हणींचे वैशिष्ट्य असे की त्या जोडीने येतात. ‘थांबला तो संपला’ हेही खरे वाटते आणि ‘अति घाई, संकटात नेई’ हेही. घडून गेलेल्या गोष्टीचे समर्थन त्यांनी करता येते. पुढे काय करावे हे मात्र त्यांवरून ठरत नाही. कार्यविशेषीकरण, आदेशाची एकता, नियंत्रणाची व्याप्ती आणि कामाच्या विभागणीचे निकष या चारही तत्त्वांचे असेच होते, असे सायमनचे म्हणणे होते. यांपैकी आदेशाच्या एकतेतील विसंगती सर्वांत मूलभूत आहे.

एका कर्मचाऱ्याने एकाच वरिष्ठाचे आदेश घ्यावेत, या तत्त्वाचे मूळ लष्करी परंपरेत शोधण्याचा प्रघात आहे. तथापि त्याची निश्चित कालगणना करणे कठीण. व्यवस्थापनशास्त्रातील त्याच्या सुस्पष्ट मांडणीचे श्रेय सामान्यतः आंरी फेयॉल या फ्रेंच खाणव्यवस्थापकाला (१९१६) दिले जाते. त्याआधीच, १९०३ मध्ये, अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलरने कारखान्यासाठी नेमकी उलट योजना सुचवली होती. एका मुकादमाऐवजी आठ कार्यविशेषज्ञ मुकादम नेमावेत आणि कामाचा वेग, यंत्रदुरुस्ती, तपासणी, शिस्त अशा बाबींत त्या त्या मुकादमाचे कामगाराने ऐकावे, अशी ती योजना. फेयॉलने टेलरच्या इतर कार्याचा गौरव केला, पण या मुद्द्यावर त्याला स्पष्ट विरोध नोंदवला. विसंगती म्हणून सायमनने दाखवलेला पेच तत्त्वांच्या जन्मापासूनच त्यांच्यात होता, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

ल्यूथर गुलिक या अमेरिकी प्रशासन-अभ्यासकाने १९३७ मध्ये आदेशाची एकता आणि कार्यविशेषीकरण ही दोन्ही तत्त्वे एकाच निबंधात स्वीकारली. आदेशाची एकता काटेकोरपणे पाळल्यास काही वेळा हास्यास्पद प्रसंग ओढवतील, हे त्याने मान्य केले होते. पण ती मोडल्याने होणाऱ्या गोंधळापुढे ते क्षुल्लक आहेत, असे त्याचे मत. सायमनने बोट ठेवले ते याच तुलनेवर. एका बाजूचे नुकसान मोठे आणि दुसऱ्या बाजूचे क्षुल्लक, हे मोजले कोणी?

बांधकामाच्या जागेचे उदाहरण घेऊ. गवंडी प्रकल्पप्रमुखाच्या हाताखाली आहे. सुरक्षा अधिकाऱ्याला परांची सैल दिसते. आदेशाची एकता पाळायची तर त्याने गवंड्याला थांबवू नये. प्रकल्पप्रमुखाला सांगावे आणि त्याने आदेश द्यावा. म्हणजे निर्णय अशा माणसाकडे जातो, ज्याला परांचीपेक्षा वेळापत्रकाचे ज्ञान अधिक आहे आणि जो त्या क्षणी कदाचित दुसरीकडे असेल. उलट, सुरक्षा अधिकाऱ्याला थेट काम थांबवण्याचा अधिकार दिला, तर ज्ञान योग्य जागी वापरले जाते, पण गवंड्याला दोन वरिष्ठ होतात. एक तत्त्व पहिल्या मार्गाचे समर्थन करते, दुसरे दुसऱ्याचे, आणि निवड कशी करावी हे दोन्ही सांगत नाहीत. प्रत्यक्षात पहिला मार्ग कागदावर राहतो आणि व्यवहारात दुसरा चालतो. सुरक्षा अधिकाऱ्याचा ‘सल्ला’ सगळेच आदेश म्हणून पाळू लागतात, हे त्याचे लक्षण.

तत्त्व वाचवायचे तर ते आकुंचित करावे लागते: दोन आदेश एकमेकांविरुद्ध गेले, तर कोणाचा पाळायचा हे आधी ठरलेले असावे. या रूपाला सायमनचा आक्षेप नव्हता. पण मग अधिकारक्षेत्रे कशी आखावीत, हा खरा प्रश्न तसाच उरतो. परांची कोसळण्याचा धोका आणि काम रखडण्याचे नुकसान यांची तुलना प्रत्येक कामापुरती करावीच लागते.

नियंत्रणाच्या व्याप्तीबाबतही हाच पेच आहे. एका वरिष्ठाखाली तीनच माणसे ठेवली, तर ७२९ कामगारांवर अधिकाऱ्यांच्या सहा पातळ्या व ३६४ अधिकारी लागतात. नऊ ठेवली, तर तीन पातळ्या व ९१ अधिकारी पुरतात. देखरेख घट्ट करावी तो कागद अधिक हातांतून जातो. पातळ्या कमी कराव्यात तो देखरेख पातळ होते.

गुलिकवर ही टीका अन्यायकारक असल्याचे मत टॉमस हॅमंड या अभ्यासकाने १९९० मध्ये मांडले. गुलिकला तडजोडीची जाणीव होती आणि सायमनने त्याचे वाचन एकांगी केले, असा त्याचा युक्तिवाद आहे. वर उद्धृत केलेली गुलिकची कबुली त्याला पुष्टी देते. मात्र जाणीव असणे आणि तडजोडीचे माप देणे यांत अंतर आहे. तेवढ्यापुरती सायमनची बाजू अधिक भक्कम वाटते.