कर्तन केंद्र (चॅनेल छेद)

तुळईच्या छेदाच्या प्रतलातील ज्या बिंदूतून आडवा भार गेला असता तुळई न पिळता फक्त वाकते, तो बिंदू. दोन्ही अक्षांशी सममित असलेल्या छेदांत तो गुरुत्वमध्याशीच असतो. C आकाराच्या चॅनेलमध्ये मात्र तो वेबच्या, म्हणजे उभ्या पट्टीच्या, पाठीमागे, पोलादाच्या बाहेर मोकळ्या जागेत पडतो.

या कल्पनेचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल एकमत नाही. चॅनेल तुळयांवरील बाख यांच्या चाचण्यांत (१९०९ च्या सुमारास) साध्या नमन सिद्धांताशी न जुळणारी प्रतिबले आढळली होती. टिमोशेंको यांनी १९१३ मध्ये अर्धवर्तुळाकार छेदासाठी असा बिंदू गणिताने दाखवला. पातळ भिंतींच्या छेदांतील कर्तन प्रवाहावरून, म्हणजे भिंतीच्या दर एकक लांबीवरील कर्तन बलावरून, तो स्पष्ट करण्याचे काम मायार यांनी १९२१ च्या सुमारास केले. एगेन्श्वायलर यांचे लेखनही त्याच काळातले आहे. चॅनेलपुरते पाहता मायार यांची मांडणी अधिक पूर्ण वाटते.

वेबला समांतर कर्तन बल V असताना कर्तन प्रवाह फ्लँजच्या, म्हणजे वेबच्या वरच्या व खालच्या टोकांना जोडलेल्या आडव्या पट्टीच्या, मोकळ्या टोकाशी शून्य असतो आणि वेबकडे सरळ रेषेत वाढत जातो. वरच्या व खालच्या फ्लँजमधील बले समान पण विरुद्ध दिशेची असल्याने त्यांचे युग्म तयार होते. वेबमधील बल V आणि हे युग्म मिळून जे एकच बल होते, त्याची क्रियारेषा वेबच्या पाठीमागे सरकते. बाहेरचा भार याच रेषेत असला की आतील प्रवाह त्याला पूर्ण तोलतो आणि पिळासाठी परिबल उरत नाही. सर्वत्र जाडी सारखी असल्यास वेबच्या मध्यरेषेपासूनचे अंतर असे:

e = 3b²/(h + 6b)

यात h हे फ्लँजच्या मध्यरेषांमधील अंतर आणि b ही वेबच्या मध्यरेषेपासून मोजलेली फ्लँजची रुंदी. सममितीमुळे कर्तन केंद्र आडव्या मध्यअक्षावरच असते.

h = २०० मिमी, b = ८० मिमी, जाडी १० मिमी घेतल्यास e सुमारे २८.२ मिमी येते. V १० किलोन्यूटन असेल तर प्रत्येक फ्लँजमध्ये सुमारे १.४१ किलोन्यूटन बल येते. त्यांचे युग्म (१.४१ × २०० मिमी) २८२ न्यूटन-मीटर, म्हणजे V × e इतकेच भरते, पडताळा येथेच मिळतो. याच छेदाचा गुरुत्वमध्य वेबच्या मध्यरेषेपासून फ्लँजच्या बाजूला १७.८ मिमीवर आहे. म्हणून तोच भार गुरुत्वमध्यातून दिला तर ४६ मिमी उत्केंद्रतेमुळे ४६० न्यूटन-मीटर पीळ येतो. उघड्या छेदाचा पीळ-स्थिरांक फार लहान (येथे सुमारे १.२ लाख मिमी⁴) असल्याने हा पीळ किरकोळ ठरत नाही. खालच्या दिशेच्या भाराखाली वरचा फ्लँज उघड्या बाजूला आणि खालचा पाठीकडे सरकलेला दिसला, की भार कर्तन केंद्राच्या उघड्या बाजूला पडतो आहे असे समजावे.

प्रत्यक्षात वेबच्या पाठीला ब्रॅकेट लावून भार या रेषेवर आणता येतो. मात्र तुळईचे स्वतःचे वजन गुरुत्वमध्यातूनच जाते, त्यामुळे त्याचा थोडा पीळ उरतोच. वरील सूत्र पातळ भिंतींच्या, स्थितिस्थापक मर्यादेतील छेदासाठी आहे. निमुळत्या फ्लँजच्या चॅनेलसाठी जाडीचा बदल हिशेबात घ्यावा लागतो.