सहकाऱ्याच्या वारंवार हस्तक्षेपाबद्दल एचआरला ईमेल: काय लिहावे, काय जोडावे

आपल्याकडे सोपवलेल्या कामात सहकारी पुन्हा पुन्हा ढवळाढवळ करतो, न विचारता फाइल बदलतो, आपल्या नावाने ठरलेली बैठक पुढे ढकलतो. तोंडी सांगूनही हे थांबले नाही, तर एचआरला लेखी कळवता येते. कायम कर्मचारी असण्याची अट सहसा नसते. प्रोबेशनवर असलेल्यांनाही कळवता येते. मात्र एखादाच प्रसंग घडला असेल तर आधी वरिष्ठांशी बोलावे. धमकी किंवा लैंगिक छळ असेल तर ही ईमेल पुरेशी नाही, त्यासाठी वेगळी तक्रार प्रक्रिया असते.

लिहायला बसण्याआधी नोंदी जमवा. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, नेमके काय झाले, कोण हजर होते आणि त्यामुळे कामावर काय परिणाम झाला, एवढे पुरते. जोडीला फाइलच्या व्हर्जन हिस्टरीचा स्क्रीनशॉट, बदललेले बैठकीचे निमंत्रण आणि तुम्ही सहकाऱ्याला किंवा वरिष्ठांना आधी पाठवलेली ईमेल. काही ठिकाणी जुनी व्हर्जन्स ठरावीक काळाने पुसली जातात, म्हणून स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्यावा आणि त्यात तारीख-वेळ दिसते ना, हे पाहावे. पण ऑफिसच्या फाइल स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका. गोपनीयतेचा नियम मोडला तर चौकशी तुमचीच सुरू होऊ शकते.

खरी अडचण येते ती शब्दांत. 'त्यांनी माझा अहवाल मुद्दाम बिघडवला' या वाक्यात घटना एकच आहे, अहवाल बदलला ही. 'मुद्दाम' आणि 'बिघडवला' हे आपले अनुमान. त्यातही व्हर्जन हिस्टरी दाखवते ते खात्याचे नाव. त्या वेळी संगणकासमोर कोण होते हे ती सांगत नाही. म्हणून 'त्यांच्या खात्यातून बदल झाल्याची नोंद दिसते' असे लिहावे. हे वाक्य कोणालाही तपासता येते. त्यामुळे समोरच्याने 'माझा तसा हेतू नव्हता' म्हटले तरी तुमची ईमेल जागची हलत नाही. 'नेहमी', 'कायम', 'सगळ्यांना माहीत आहे' हे शब्दही काढून टाका आणि त्या जागी आकडा लिहा.

मासिक साठा अहवालाचे काम तुमच्याकडे आहे असे समजू. ईमेल अशी होईल:

विषय: मासिक साठा अहवालातील बदलांबाबत, ३ ते १९ मार्च

महोदया,

मासिक साठा अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. त्याबाबत तीन प्रसंग नोंदवत आहे.

३ मार्च, दुपारी ४.१०: श्री. क यांच्या खात्यातून अहवालातील ११ आकडे बदलल्याची नोंद आहे. मला आधी कळवले गेले नव्हते. मूळ आकडे पुन्हा भरण्यास दोन तास लागले.

११ मार्च, सकाळी ९.४०: मी ठरवलेली आढावा बैठक श्री. क यांनी एक दिवस पुढे ढकलल्याची ईमेल सर्वांना आली. त्याच दिवशी मी त्यांना कारण विचारले. उत्तर आले नाही.

१९ मार्च, सायंकाळी ५.३०: त्यांच्या खात्यातून आणखी ४ आकडे बदलले गेले. त्यांपैकी एक दुरुस्ती बरोबर होती.

१२ मार्चला मी ही बाब माझ्या वरिष्ठांना ईमेलने कळवली होती. अहवालात बदल कोणी करावेत हे लेखी ठरवून मिळावे आणि तोपर्यंत संपादनाची परवानगी माझ्यापुरती ठेवावी, ही विनंती.

सोबत: स्क्रीनशॉट २, ईमेल ३.

'एक दुरुस्ती बरोबर होती' हे वाक्य पाहून अनेकजण दचकतात. मी ते ठेवायलाच सांगेन. चौकशीत ते समोरून येणारच. तुम्ही आधीच लिहिले असेल तर बाकीच्या नोंदींवरही विश्वास बसतो. विनंतीचेही तसेच. 'कारवाई करा' म्हटले की शिक्षेची मागणी होते आणि ती तुमच्या हातात नसते. फाइलची परवानगी ठरवून देणे मात्र लगेच करता येण्यासारखे असते.

ही ईमेल ऑफिसच्याच पत्त्यावरून एचआरला पाठवा. वरिष्ठांना प्रत द्यायची ती त्यांना विषय आधीच ठाऊक असेल तरच. पूर्ण गुप्ततेची अपेक्षा मात्र धरू नये, कारण सहकाऱ्याची बाजू ऐकताना तारखा त्यांच्यासमोर ठेवाव्याच लागतात. आठवडाभरात पोच आली नाही तर त्याच ईमेलला उत्तर देऊन विचारा. मधल्या काळात नवा प्रसंग घडला तर तोही तिथेच, फक्त त्या दिवसाची तारीख, वेळ आणि घटना लिहून जोडा.