चिलरमधल्या ताकाच्या कार्डावर काय लिहावे आणि ते टिकावे कसे

समजा, नाशिकच्या एका सुपरमार्केटमध्ये मे महिन्यात नवे मसाला ताक येत आहे. २०० मिलीची पारदर्शक बाटली, जिरे आणि आले घातलेले, जागा दारवाल्या चिलरच्या खालच्या कप्प्यात. आसपास आधीच ओळखीची ताके, लस्सी आणि दुधाच्या पिशव्या. बाटलीशेजारी उभे करायला दहा सेंटिमीटर रुंद आणि सात सेंटिमीटर उंच कार्ड मिळणार आहे. एवढ्या जागेत काय मावेल हे ठरवण्याआधी, गिऱ्हाईक बाटली बघून मागे का फिरेल, याचा विचार करावा लागतो.

पारदर्शक बाटलीतल्या ताकाच्या बाबतीत याचे उत्तर बहुधा बाटलीतच दिसते. काही तास स्थिर राहिले की वर हिरवट-पिवळसर पाणी आणि खाली पांढरा साका, असे दोन थर होतात. घरच्या पातेल्यात हेच दिसले तर कोणी दचकत नाही, पण विकतच्या बाटलीत दिसले की ‘नासले वाटते’ म्हणून बाटली परत जाते. खरे कारण साधे आहे. दुधातले केसिन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात तरंगत असते. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. विरजण लागून आंबटपणा वाढतो आणि सामू ४.६ च्या आसपास आला की हा भार जवळजवळ नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि दही लागते. ते दही पाणी घालून घुसळले की पुन्हा बारीक गोळे होतात, पण त्यांना तरंगत ठेवणारा भार आता उरलेला नसतो. त्यामुळे ते हळूहळू तळाशी बसतात. वरच्या पाण्याचा हिरवट रंग रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा असतो.

काही उत्पादक पेक्टिन घालून हे थर टाळतात. आपल्या उदाहरणातल्या ताकात ते घातलेले नाही, तेव्हा कार्डाचे पहिले काम ठरले: ‘हलवून प्या’. त्याखाली लहान अक्षरांत ‘तळाचा थर ताकाचाच आहे’. आणि सगळ्यांत वर ‘जिरे-आले ताक’. एवढेच. ग्लासाचा फोटो नको, कारण बाटली शेजारीच आहे. बोधचिन्हही नको, ते लेबलवर आहेच. पेक्टिन घातलेल्या, थर न धरणाऱ्या ताकाला मात्र हे कार्ड निरुपयोगी ठरेल. तिथे गिऱ्हाइकाची शंका वेगळी असेल, कदाचित तिखटपणाची किंवा मिठाची, आणि मजकूर त्या शंकेचाच हवा.

किंमत कार्डावर घ्यायचा मोह होतो. पण भारतात वेष्टनबंद मालाच्या जाहिरातीत किंमत छापली की निव्वळ प्रमाणही तितक्याच मोठ्या अक्षरात द्यावे लागते. सात सेंटिमीटरांत ही चैन परवडत नाही. किंमत खालच्या पट्टीवर असतेच, ती तिथेच राहू द्यावी. शब्द निवडतानाही हात आखडता घ्यावा लागतो. ‘ताजे’ हा शब्द एफएसएसएआय या अन्न नियामक संस्थेच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनुसार धुणे, सोलणे, कापणे, थंड करणे अशा मोजक्या क्रियांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थालाच लावता येतो. पाश्चराइज केलेल्या दुधाचे विरजलेले ताक त्यात बसत नाही. ‘घरगुती’वरही असेच बंधन आहे. ‘कमी फॅट’ म्हणायचे तर १०० मिलीमागे जास्तीत जास्त १.५ ग्रॅम फॅट चालते. टोन्ड दुधात ते ३ टक्के असते. त्याच्या दह्यात तितकेच पाणी घातले की आकडा नेमका सीमेवर येतो, म्हणजे पाणी थोडे कमी पडले तरी दावा खोटा ठरतो. प्रयोगशाळेचा अहवाल हाती नसेल तर ते शब्द कार्डावर येऊ देऊ नयेत.

आता अक्षरांचा आकार. इथे डिझायनरची नजर फसते, कारण तो कार्ड पडद्यावर हातभर अंतरावरून आणि समोरून बघत असतो. गिऱ्हाईक उभे असते. त्याचे डोळे जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर, कार्ड ६० सेंटिमीटरवर, आणि चिलरपासूनचे अंतर ८० सेंटिमीटर धरले, तर डोळा ते कार्ड हे तिरके अंतर १२० सेंटिमीटर होते. सहज, न अडखळता वाचता यावे यासाठी अक्षराच्या अंगाने डोळ्याशी निदान ०.२ अंशाचा कोन करायला हवा. १२० सेंटिमीटरवरून याचा अर्थ ४.२ मिलिमीटर. ही मर्यादा मुख्यतः रोमन लिपीवरच्या प्रयोगांतून आलेली आहे. देवनागरीत एका अक्षरात रेघा जास्त, वर अनुस्वार-वेलांट्या, खाली उकार. शिवाय गिऱ्हाइकांत मोतीबिंदूचे आणि चष्मा घरी विसरलेलेही असतात. म्हणून आमचा आग्रह दुपटीचा, ८ मिलिमीटरचा. हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे, मात्रा सोडून. सॉफ्टवेअरमधल्या पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नये, कारण एकाच पॉइंटमध्ये दोन देवनागरी फॉण्टांची अक्षरे बरीच लहानमोठी असतात. छापून पट्टीने मोजावे.

आठ मिलिमीटर एवढ्यावरही भागत नाही, कारण खालच्या कप्प्यातले कार्ड सरळ उभे असेल तर नजर त्यावर वरून, सुमारे ४८ अंशांच्या कोनात पडते. अशा कोनातून रुंदी तेवढीच दिसते, पण उंची दोन तृतीयांश होते. रोमन अक्षरे यातून बरीचशी निभावतात. आपल्याकडे मात्र अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि ‘वू’चा उकार खालच्या ओळीत घुसल्यासारखा दिसतो. म्हणून एक तर कार्ड मागे कलवायचे, म्हणजे त्याचे तोंड डोळ्यांकडे वर होईल, नाही तर अक्षरे १२ मिलिमीटरची करायची. कलवणे स्वस्त पडते: ४० ते ४५ अंशांत वळवलेली प्लास्टिकची क्लिप पुरते. ओळींमधले अंतर सॉफ्टवेअरच्या ठरावीक सव्वापटीवर न ठेवता फॉण्टच्या आकाराच्या दीडपट करावे. आणि फार जाड फॉण्ट घेऊ नये, कारण जाड वळणात ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या माथ्यावरची फट बुजते आणि ते ‘म’ आणि ‘घ’ वाचले जातात.

आठ मिलिमीटरचे अक्षर मात्रांसह साधारण सोळा मिलिमीटर उंची खाते. दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर मोकळा कडा सोडला तर एका ओळीत दहाएक अक्षरे बसतात. ‘जिरे-आले ताक’ आणि ‘हलवून प्या’ या दोन ओळी त्यात आरामात बसतात, तिसरी लहान ओळ कशीबशी. चौथी ओळ बसवायला कोणी सांगितलेच, तर तिच्यासाठी कोणती ओळ काढायची हे आधी विचारावे. मोकळा कडाही वाया गेलेली जागा नाही. डोळ्याच्या कडेने दिसणारी अक्षरे शेजारच्या रेघांत मिसळून जातात, आणि चालत्या गिऱ्हाइकाला कार्ड आधी डोळ्याच्या कडेनेच दिसते. रंग ठरवताना रिकाम्या पानावर न बघता चिलरचा मोबाइलने फोटो काढावा, त्यात कार्ड चिकटवून बघावे आणि मग फोटो कृष्णधवल करावा. हिरव्या पट्टीवरचे लाल अक्षर रंगीत फोटोत उठून दिसते आणि कृष्णधवलमध्ये गायब होते. फिक्या पिवळ्यावर काळपट तपकिरी तिथेही टिकते, आणि आजूबाजूच्या पांढऱ्या-निळ्या पिशव्यांत मिसळत नाही.

इतके जमले तरी पहिल्याच आठवड्यात कार्ड मान टाकते, कारण चिलरमध्ये पाणी आहे. दुकानातली हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू २३ अंशांवर येतो. एसी नीट चालू असलेल्या दुकानात, २५ अंश आणि ५५ टक्क्यांना, तो १५ अंश असतो. कार्ड मात्र सात-आठ अंशांवर बसलेले असते. दार उघडले की बाहेरची दमट हवा आत येते आणि कार्डावर दव धरते. त्यात कोल्डरूममधून आणलेल्या बाटल्या वाटेत घामेजतात आणि लावताना कार्डावर ठिबकतात.

कागदाचे तंतू पाणी पिऊन लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत मात्र बरेच फुगतात. एकाच बाजूला लॅमिनेशन केले असेल तर उघडी पाठ फुगते, पुढची बाजू फुगत नाही आणि कार्ड लॅमिनेशनच्या बाजूला, म्हणजे गिऱ्हाइकाकडे, वळते. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, आडवा असेल तर वरची कड पुढे वाकून मजकूर झाकते. ग्रेन उभा असेल तर बाजूच्या कडा वळू पाहतात, पण खालची कड क्लिपमध्ये सरळ धरलेली असल्याने त्यांना ते सहज जमत नाही. म्हणून छपाईवाल्याला ‘ग्रेन सात सेंटिमीटरच्या दिशेने’ असे लिहून द्यावे. ओळखायचे झाल्यास त्याच कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करावा; तो ज्या नळीसारखा गुंडाळतो त्या नळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा.

खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन, आणि तेही कागद आधी कापून, मग फिल्ममध्ये घालून, चहूकडे तीन मिलिमीटर फिल्म बाहेर ठेवून. बहुतेक ठिकाणी मोठे शीट लॅमिनेट करून मग कापतात. तसे केले की चारही कडांना कागद उघडा पडतो आणि पाणी तिथूनच शिरते. कडेपासून आत सरकत जाणारा गडद, ओलसर पट्टा दिसला तर समजावे की कापणी उलट क्रमाने झाली आहे. चमकदार फिल्म टाळावी, कारण कलवलेल्या कार्डावर छताच्या दिव्याचे प्रतिबिंब नेमके डोळ्यांत येते. कार्ड महिन्याहून जास्त ठेवायचे असेल तर कागद सोडून न फाटणाऱ्या प्लास्टिक शीटवरच छापावे. छापण्याआधी एक नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी ओट्यावर घामेजू द्यावा, पुन्हा आत ठेवावा. असे तीन वेळा केले की वळणे, सुटणे, शाई पसरणे जे काही व्हायचे ते दिसते.

कार्डाने विक्री वाढली का, हे ‘लावण्याआधी’ आणि ‘लावल्यानंतर’ अशा तुलनेतून कळत नाही, कारण मे महिन्यात पारा चढला की ताक आपोआप जास्त खपते. आठ दुकाने घ्यावीत; पहिल्या पंधरवड्यात चारांत कार्ड, दुसऱ्यात उरलेल्या चारांत. मग उन्हाचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा पडतो. आकड्यांतला चढउतार आधी ओळखावा. एका बाजूला १२० बाटल्या आणि दुसऱ्या बाजूला १३२ खपल्या, तर फरक १२ चा. पण नुसत्या योगायोगाने होणाऱ्या फरकाचा अंदाज बेरजेच्या वर्गमुळाइतका, म्हणजे २५२ चे वर्गमूळ, सुमारे १६ असतो. तेव्हा या बारांवरून काहीच सिद्ध होत नाही. १२० विरुद्ध १७० असेल तर फरक ५० आणि चढउतार १७. इथे कार्डाने काम केले असे म्हणायला आधार आहे. ज्या दिवशी ताक संपले तो दिवस दोन्हीकडच्या हिशेबातून वगळावा, आणि त्या दिवशी कार्डही काढून ठेवावे, नाहीतर ‘हलवून प्या’ शेजारच्या लस्सीला लागू होते.