गिटार कॅबिनेटची मागची फळी: उघडी की बंद?

गिटार कॅबिनेटची मागची फळी काढली की बास कमी होतो, हे वादकांना कानानेच कळतं. तो का कमी होतो, याचं उत्तर मात्र बहुतेक वेळा अर्धंच दिलं जातं. त्या फळीचा परिणाम दोन ठिकाणी होतो. एक परिणाम खोलीतल्या हवेत होतो आणि दुसरा अँपच्या आउटपुटवर, कारण फळी बसवली किंवा काढली की तोच स्पीकर अँपला वेगळा भार म्हणून दिसू लागतो. हा दुसरा परिणाम ट्यूब अँपवर ठळक असतो, तर साध्या ट्रान्झिस्टर अँपवर जवळजवळ नसतोच. एकाच कॅबिनेटबद्दल दोन जाणकार वादकांची मतं जुळत नाहीत, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं.

समजायला एक ठोस उदाहरण घेऊ. लाकडी पेटी, आतून ५० सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच आणि २७ सेंमी खोल, म्हणजे साधारण ६० लिटर हवा. त्यात १२ इंची, ८ ओहमचा एकच गिटार स्पीकर. मोकळ्या हवेत त्याचा अनुनाद ७५ हर्ट्झला आहे असं धरू. १२ इंची गिटार स्पीकरसाठी हा अगदी नेहमीचा आकडा आहे.

आधी मागची बाजू पूर्ण उघडी ठेवू. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून निघणारी लहर आणि मागून निघणारी लहर एकमेकींच्या बरोबर उलट्या असतात. मागची लहर पेटीतून बाहेर पडून, कडेला वळसा घालून समोर येते. आपल्या पेटीत तिला त्यासाठी पुढच्या लहरीपेक्षा अंदाजे ६० सेंमी जास्त चालावं लागतं. आता गिटारच्या सर्वांत जाड तारेचा, म्हणजे मोकळ्या ई तारेचा स्वर ८२ हर्ट्झचा आहे. त्याची तरंगलांबी चार मीटरच्या थोडी वर जाते. चार मीटरच्या लहरीला ६० सेंमीचा उशीर म्हणजे किरकोळच. त्यामुळे उलटी लहर समोरच्या लहरीला बऱ्याच प्रमाणात खाऊन टाकते. २८५ हर्ट्झच्या आसपास मात्र हाच उशीर अर्ध्या तरंगलांबीएवढा होतो. तिथे उलटी लहर सुलटी होऊन पोहोचते आणि दोघी एकमेकींना बळ देतात. हिशेब मांडला तर २८५ हर्ट्झच्या तुलनेत ई तारेचा मूळ स्वर सुमारे ७ डेसिबल खाली येतो. प्रत्यक्षात प्रत्येक कडेपर्यंतचं अंतर सारखं नसतं आणि भिंतीही मध्ये येतात, म्हणून आकडे इतके नेमके राहत नाहीत. पण दिशा हीच असते: तळ ढासळतो आणि खालचा मध्य उठून दिसतो.

ओपन बॅकच्या आवाजाला ‘मोकळा’ म्हणतात, त्याचा उगम मागून निघणाऱ्या वरच्या सुरांत आहे. १२ इंची स्पीकर साधारण १३०० हर्ट्झच्या वर आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे फेकू लागतो. बंद पेटीसमोर बरोबर मध्यावर उभं राहिलं तर आवाज टोचतो, दोन पावलं बाजूला सरकलं की तो मंद होतो. उघड्या पेटीत मागून निघालेले सूर भिंतीवर आपटून खोलीभर पसरतात, म्हणून हा फरक कमी जाणवतो. त्याची किंमत अशी की पेटी भिंतीपासून किती दूर ठेवली यावर तिचा टोन अवलंबून राहतो. उघडं कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवणं म्हणजे मागे भलत्याच ठिकाणी अर्धवट फळी बसवण्यासारखं आहे. निदान अर्धा मीटर जागा सोडावी, आणि मग पेटी थोडी पुढेमागे सरकवून ऐकावं.

आता मागची फळी घट्ट बसवू. मागची लहर आत कोंडली गेली, खोडाखोड थांबली, तळ परत आला. पण कोंडलेली ६० लिटर हवा आता स्प्रिंग झाली आहे. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा ढकलला की जो विरोध जाणवतो, तसाच विरोध आता शंकूला दर हेलकाव्याला होतो. स्पीकरच्या माहितीपत्रकात Vas नावाचा आकडा असतो. स्पीकरच्या स्वतःच्या लवचिकपणाइतकी स्प्रिंग किती लिटर हवेची होईल, ते तो सांगतो. त्यावरून पेटीतला नवा अनुनाद काढता येतो:

```
fc = fs × √(1 + Vas / Vb)
```

यात fs म्हणजे मोकळ्या हवेतला अनुनाद आणि Vb म्हणजे पेटीतली हवा. आपल्या स्पीकरचा Vas ६० लिटर धरला तर वर्गमुळाखाली २ येतात आणि ७५ हर्ट्झचा अनुनाद १०६ वर चढतो. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. ७५ हर्ट्झ मोकळ्या ई तारेच्याही खाली होता, तिथे गिटार सहसा पोहोचतच नाही. १०६ हर्ट्झ मात्र मोकळ्या ए तारेच्या (११० हर्ट्झ) अगदी शेजारी, ऐन पॉवर कॉर्डच्या वस्तीत आहे. चार स्पीकरच्या क्लोज्ड बॅक कॅबिनेटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला ४० लिटर हवा आली, तर हाच स्पीकर ११९ हर्ट्झच्या आसपास घुमेल. तळहाताने तारा दाबून वाजवताना छातीवर बसणारा तो ‘धप्प’ प्रामुख्याने याच पट्ट्यातला असतो.

इथून अँपचा संबंध सुरू होतो. ८ ओहम हा आकडा नावापुरता आहे. ४०० हर्ट्झच्या आसपास स्पीकर खरोखर ८ ओहमच्या जवळपास असतो, पण अनुनादाच्या जागी त्याचा इम्पीडन्स सहज ६० ओहमवर जातो. वरच्या सुरांकडे व्हॉइस कॉइलमुळे तो पुन्हा चढतो, ४००० हर्ट्झला २० ओहमच्या घरात जाऊ शकतो. अँपला हे चढउतार किती जाणवतात, हे अँपच्या स्वतःच्या आउटपुट इम्पीडन्सवर ठरतं. साध्या ट्रान्झिस्टर अँपचा तो ०.१ ओहमच्या आसपास धरला, तर ८ ओहमला आणि ६० ओहमला मिळणारं व्होल्टेज जवळपास सारखंच राहतं. फरक एक दशांश डेसिबलचा. आता निगेटिव्ह फीडबॅक नसलेला ट्यूब अँप घ्या. व्हॉक्सचा एसी३० हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. अशा अँपचा आउटपुट इम्पीडन्स २० ओहम धरला, तर ४०० हर्ट्झच्या तुलनेत अनुनादाच्या जागी स्पीकरला ८ डेसिबलहून जास्त आणि ४००० हर्ट्झला सुमारे ५ डेसिबल जास्त व्होल्टेज मिळतं. म्हणजे कोणतंही बटण न फिरवता तळ आणि धार दोन्ही वर येतात, आणि तळाचा उंचवटा नेमका कुठे बसेल ते मागची फळी ठरवते. काही ट्रान्झिस्टर अँपमध्ये करंट फीडबॅक वापरून हाच गुण मुद्दाम आणलेला असतो. त्यांच्यावर फळीचा परिणाम ट्यूब अँपसारखाच ऐकू येतो.

मग स्पीकर कसा निवडायचा? मॅग्नेट अल्निकोचा की फेराइटचा, यावर जितकी चर्चा होते तितकी त्याची लायकी नाही. शंकूचा कागद आणि त्याची घडण आवाजावर कितीतरी जास्त छाप टाकतात. आधी पत्रकातला आलेख पाहावा. गिटार स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर झपाट्याने कोसळतो आणि त्याआधी २००० ते ४००० मध्ये त्याचा डोंगर असतो. सेलेस्चनच्या व्हिंटेज ३० मध्ये हा डोंगर चांगलाच उंच आहे. बंद पेटीतल्या जाड तळाबरोबर तो शोभतो, पण आधीच चमकदार असलेल्या उघड्या कॉम्बोत अनेकांना बोचतो. त्यानंतर Qts पाहावा. हा आकडा जितका मोठा, तितका मॅग्नेटचा शंकूवरचा लगाम ढिला. बंद पेटीत तो अनुनादाच्याच प्रमाणात वाढतो: आपल्या ६० लिटरमध्ये ०.४५ चा ०.६४ होतो आणि तळ आटोपशीर राहतो, तर ०.९ चा जवळजवळ १.३ होऊन एकाच स्वरावर घुमत बसतो. मोठ्या Qts चे स्पीकर म्हणूनच उघड्या पेटीत जास्त सुखी असतात. तिथे जाणारा तळ ते थोडाफार भरून काढतात. एका पेटीत दोन वेगळे स्पीकर घालायचे असतील तर त्यांची संवेदनशीलता जुळवावी. ९७ आणि १०० डेसिबल यांतला ३ चा फरक म्हणजे अँपचे वॅट दुप्पट करण्याइतका आहे, आणि मोठा आवाज करणारा स्पीकर दुसऱ्याला झाकून टाकतो.

वॅटच्या आकड्यात एक फसगत दडलेली आहे. तो मुख्यतः कॉइल किती उष्णता सोसेल ते सांगतो. बंद पेटीत हवेची स्प्रिंग शंकूला आवरते, उघड्या पेटीत आवरणारं कुणी नसतं. म्हणून खाली उतरवलेल्या तारा किंवा बास गिटार उघड्या पेटीतून जोरात वाजवली, तर वॅट मर्यादेत असतानाही कॉइल तिच्या फटीबाहेर झेपावते. सुरुवातीला खालच्या स्वरांवर ‘फट्’ असा आवाज येतो, पुढे कॉइल घासल्याची खरखर कायमची राहते.

फळीचा प्रयोग स्वस्तात करता येतो. १२ मिमी प्लायवूडच्या तीन आडव्या पट्ट्या कापाव्यात, वरची आणि खालची कायमची बसवावी आणि मधली काढता-घालता येईल अशी ठेवावी. पट्ट्यांना आधार म्हणून आत लाकडी बॅटन लावावेत, त्यांवर फोमची चिकटपट्टी, आणि दर १० सेंमीवर स्क्रू. पेटी खरोखर बंद झाली का हे पाहायला जाळी काढून, शंकू मध्याच्या टोपीभोवती दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा आणि अलगद आत दाबावा. बंद पेटीत तो आधीपेक्षा स्पष्ट कडक लागतो. फट असेल तर दाबताना हवा सुस्कारते आणि वाजवताना तीच फट खालच्या स्वरांवर फुरफुरते. मग ६० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर माफक आवाजात वाजवावा. कुठला स्क्रू सैल आहे ते लगेच कळतं. हे सगळं स्वतंत्र कॅबिनेटसाठी आहे. ट्यूब कॉम्बोची मागची बाजू पूर्ण बंद करू नये, ट्यूबची उष्णता अडकते. आणि चॅसिसच्या आत प्लग काढल्यावरही जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असू शकतं.

दोन स्पीकर असतील तर फळीला दोष देण्याआधी जोडणी तपासावी. ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावली की दोन्ही शंकू एकाच दिशेला उडायला हवेत. एक आत आणि एक बाहेर गेला, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या आहेत. तळ तिथेच गायब होतो आणि लक्षणं थेट ओपन बॅकसारखी दिसतात.

रेकॉर्डिंगला मात्र चित्र पालटतं. माइक जाळीपासून ३ सेंमीवर असेल तर पुढची लहर इतकी जवळून येते की वळसा घालून आलेली मागची लहर तिच्यापुढे नगण्य ठरते. हवेतली खोडाखोड रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ उरतच नाही, आणि उघड्या-बंद पेटीतला जो फरक ऐकू येतो तो बहुतांशी सरकलेल्या अनुनादाचा आणि अँपच्या त्यावरच्या प्रतिक्रियेचा असतो. खोलीत पातळ वाटणारं उघडं कॅबिनेट माइकवर भरदार निघतं ते यामुळेच. मागेही दुसरा माइक लावला, तर मिक्सरवर त्याची पोलॅरिटी उलटवून घ्यावी. नाहीतर खोलीतली तीच खोडाखोड आता तारांमधून घडते.