नेमकं कारण न कळलेला किडनीचा आजार: उसाच्या फडापासून सांवेरच्या लसणापर्यंत

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या सांवेरकडच्या शेतावर लसूण काढायला झाबुआकडची माणसं दाडकीला, म्हणजे रोजंदारीवर, येतात. मागच्या वर्षी त्यातला एक जण रोज संध्याकाळी गावातल्या दुकानातून दुखण्याची गोळी घेताना दिसला. अंग मोडून येतं, गोळी घेतली की सकाळी उभं राहता येतं, असं त्याने सांगितलं. दिवसभरात पाणी किती पितोस, असं विचारलं तर म्हणाला, दोन-तीन लोटे. माठ झाडाखाली होता आणि वाफा दोनशे पावलांवर. पाण्यासाठी उठलं की तेवढी मजुरी बुडणार. इंदूरला परतताना गाडीत मला सारखी मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांची आठवण येत होती.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर या देशाच्या राजधानीतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात किडनी पूर्ण निकामी होऊन येणाऱ्यांत तरुण पुरुषांची गर्दी वाढली होती. तिथल्या डॉक्टरांनी अशा 205 नव्या रुग्णांची नोंद तपासून 2002 मध्ये ती छापली. जवळपास दोन तृतीयांश लोकांना मधुमेह, रक्तदाब असं नेहमीचं एकही कारण नव्हतं. त्यातले बहुतेक किनारपट्टीवर शेतात राबणारे होते. निकाराग्वातल्या चिचिगाल्पा या साखर कारखान्याच्या गावातही हेच दिसत होतं. श्रीलंकेत अनुराधापुराच्या भातशेतीच्या भागात आणि आपल्याकडे आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम पट्ट्यातही असाच आजार आढळला. 2013 मध्ये अमेरिका खंडातल्या देशांच्या आरोग्य संघटनेने मध्य अमेरिकेतला हा आजार गंभीर सार्वजनिक प्रश्न असल्याचं मान्य केलं.

पहिला संशय कीटकनाशकांवर गेला. श्रीलंकेत त्याच्या जोडीला कठीण पाणी, कॅडमियम, फ्लोराइड यांचीही चर्चा झाली. हे संशय पूर्ण मिटलेले नाहीत, पण साल्वाडोरमधल्या एका तुलनेने विचाराची दिशा बदलली. समुद्रसपाटीजवळ ऊस तोडणाऱ्यांच्या किडन्या बिघडल्या होत्या. 500 मीटरहून उंच, थंड भागात ऊसच तोडणाऱ्यांमध्ये ते प्रमाण फार कमी होतं. पीक तेच, काम तेच, फरक हवेचा. पुढे निकाराग्वात वीटभट्टीच्या कामगारांमध्येही हा त्रास आढळला आणि भट्टीवर कीटकनाशक कुणी फवारत नाही. मला या दोन गोष्टी सगळ्यात बोलक्या वाटतात.

उन्हात जोराचं काम करताना स्नायू आतून तापतात, घामाने रक्तातलं पाणी घटतं आणि किडनीला रक्त कमी पोचतं. हे रोज, महिनोन्‌महिने घडत राहिलं तर लघवी घट्ट करण्याचं काम करणाऱ्या किडनीतल्या बारीक नळ्यांना पुन्हापुन्हा इजा होते आणि तिथे व्रण धरतात. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या तोच रक्तपुरवठा आणखी आवळतात, म्हणून उन्हातून आल्यावर घेतलेली ती गोळी मला खुपली. तहानेवर गोड शीतपेय पिणंही संशयितांत आहे: उंदरांवरच्या प्रयोगात, शरीर कोरडं पडल्यावर पाण्याऐवजी साखरेचं पेय दिलं तेव्हा इजा वाढली.

हा आजार हाती लागत नाही, कारण लघवीत प्रथिनं फारशी जात नाहीत. अंगावर सूज येत नाही, रक्तदाबही बराच काळ ठीक असतो. पट्टी बुडवून केलेली लघवीची तपासणी निर्दोष येते. किडनी जो कचरा बाहेर टाकते त्यातलं एक, रक्तात मोजलं जाणारं क्रिएटिनिनही फसवतं. समजा, 28 वर्षांच्या मजुराचं क्रिएटिनिन हंगामाआधी 0.8 होतं आणि हंगामानंतर 1.3 झालं. बऱ्याच लॅबच्या कागदावर 1.3 'नॉर्मल' हद्दीतच बसतं. पण प्रचलित सूत्राने मोजलं तर त्याची गाळण्याची क्षमता सुमारे 124 वरून 77 वर आली. म्हणून एकच आकडा पाहून उपयोग नाही. त्याच माणसाची हंगामाआधीची आणि नंतरची तपासणी शेजारी ठेवावी लागते. घसरण दिसली तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, कारण तात्पुरती इजा भरूनही येते. गाळण्याच्या क्षमतेचा 60 च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर आजार जुनाट धरतात.

उपाय साल्वाडोरच्या फडातच आजमावला गेला. मजुरांना पाठीवर लावायच्या पाण्याच्या पिशव्या, फडाबरोबर हलवता येणारी सावली, ठरावीक वेळेची विश्रांती आणि सुधारलेला कोयता दिला. मालकांना भीती होती की काम घटेल. त्या छोट्या प्रयोगात प्रत्येकी रोजची तोड 5.1 टनांवरून 7.3 टनांवर गेली. निकाराग्वातही पुढे विश्रांती आणि सावली वाढवल्यावर हंगामातल्या किडनीच्या इजा घटल्या. केवळ पाणी देऊन हे साधत नाही, कारण थांबल्याशिवाय आतली उष्णता उतरत नाही.

आमच्याकडे या हंगामात माठाऐवजी दोन कॅन वाफ्याच्या कडेलाच ठेवले आणि ताडपत्रीची सावली काढणीबरोबर पुढे सरकवली. काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवलं आणि चारनंतर पुन्हा धरलं. दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी, आणि त्यासाठी मजुरी कापायची नाही, हे सासऱ्यांना पटवायला दोन दिवस लागले. बायका तरीही कमी पीत होत्या. वहिनीने विचारल्यावर कळलं की आडोसा नाही म्हणून. मग बांधावर पत्र्याचा आडोसा उभा केला.