चित्ररूप आकड्यांचे वाचन

चित्ररूप आकड्यांचे वाचन : एखाद्या संकेतस्थळावर आकडे किंवा मजकूर अक्षरांऐवजी चित्रांच्या रूपात दिलेला असतो. त्या चित्रांतून तो पुन्हा संगणकाला मोजता-शोधता येईल अशा मजकुरात आणण्याची ही पद्धत. यासाठी प्रकाशीय अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, हे तंत्र वापरले जाते. पानावर तक्ता दिसतो, पण त्यातला आकडा माउसने निवडता येत नाही आणि पानाच्या मूळ संहितेत त्याच्या जागी फक्त `<img>` असते. अशा वेळी ही पद्धत कामाला येते. छापील पुस्तकाच्या स्कॅनपेक्षा हे काम वेगळे आहे. स्कॅनमधले चित्र मोठे असते आणि अक्षरे फिकट किंवा तिरपी असतात. इथे चित्र अगदी स्वच्छ असते, पण फार लहान असते.

वाचनाला बसण्यापूर्वी ते खरोखर चित्र आहे का, हे पाहावे. अनेकदा आकडा चित्राच्या `alt` गुणधर्मात जसाच्या तसा लिहिलेला असतो. काही पानांवर आलेख किंवा तक्ता ब्राउझरच रंगवतो आणि त्यामागचे आकडे वेगळ्या जेसन फाइलमधून येतात. ब्राउझरच्या विकसक साधनांतील नेटवर्क विभागात ती फाइल सापडते. आणखी एक चलाख प्रकार म्हणजे शून्य ते नऊ अंकांची एकच पट्टी पाठवायची आणि `background-position` बदलून हवा तो अंक दाखवायचा. पट्टीवर प्रत्येक अंक १० पिक्सेल रुंद असेल, तर `-30px` म्हणजे चौथे घर, आणि पट्टी शून्यापासून सुरू होत असल्यास अंक ३. इथे काहीच ओळखावे लागत नाही, भागाकार पुरतो. जिथे ओसीआर टाळता येतो तिथे तो टाळावा, कारण त्याच्या चुका आवाज न करता होतात.

मुक्त साधनांपैकी या कामात सर्वाधिक वापर टेसरॅक्टचा होतो. ते १९८५ ते १९९४ या काळात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विकसित झाले आणि २००५ मध्ये मुक्त-स्रोत म्हणून खुले झाले. २००६ पासून पुढची काही वर्षे गूगलने त्याचा विकास चालवला. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत त्यात न्यूरल जाळ्यावर आधारलेला वाचक आला. हा वाचक अख्खी ओळ एका दमात पाहतो. वाहत्या गद्याला ते मानवते, पण एकट्या आकड्याला मागचापुढचा संदर्भच नसतो.

समजा, तक्त्यातल्या प्रत्येक घरात एक पीएनजी चित्र आहे आणि त्यातल्या अंकांची उंची ९ पिक्सेल आहे. अंक साधारण ३० पिक्सेलच्या आसपास उंच असले की टेसरॅक्टचे वाचन चांगले होते, म्हणून चित्र चौपट करावे लागते. पीएनजीची पार्श्वभूमी बऱ्याचदा पारदर्शक असते. रूपांतरात ती काळी झाली, तर काळ्यावर काळे अंक उरतात आणि उत्तर रिकामे येते. म्हणून आधी ती पांढरी करून घ्यावी. अंक चित्राच्या कडेला चिकटलेले असतील, तर पहिला किंवा शेवटचा अंक गळतो. त्यासाठी भोवती पांढरी किनार द्यावी. पुढची पहिली आज्ञा इमेजमॅजिक या चित्रे बदलण्याच्या साधनाची आहे आणि दुसरी टेसरॅक्टची.

```
magick a.png -background white -alpha remove \
  -resize 400% -colorspace Gray \
  -bordercolor white -border 20 b.png
tesseract b.png stdout --psm 7 \
  -c tessedit_char_whitelist=0123456789.,
```

`--psm 7` म्हणजे ‘हे चित्र मजकुराची एकच ओळ आहे’. हे सांगितले नाही, तर टेसरॅक्ट इवल्याशा चित्रात परिच्छेद आणि रकाने शोधू लागते. शेवटच्या ओळीत केवळ अंक, बिंदू आणि स्वल्पविराम यांनाच परवानगी दिली आहे. त्यामुळे शून्याच्या जागी `O` किंवा पाचाच्या जागी `S` येणे थांबते. मात्र या बंधनाला दुसरी बाजू आहे. चित्रात खरोखर `N.A.` लिहिले असेल, तरी वाचक ते अंकांत कोंबू पाहतो. एरवी `S` दिसल्याने जी चूक नजरेत भरली असती, ती आता सभ्य अंकाचा वेष घेऊन येते. म्हणून तोच संच एकदा बंधनाशिवायही वाचावा आणि दोन उत्तरांत फरक असलेली घरे बाजूला काढावीत.

आज्ञेच्या शेवटी `tsv` जोडले की प्रत्येक शब्दापुढे ० ते १०० मध्ये खात्रीचा आकडा मिळतो. कमी खात्रीची घरे आधी तपासायला तो उपयोगी आहे, पण जास्त खात्री म्हणजे बरोबर वाचन नव्हे. दशांशबिंदू हरवलेला आकडाही भरघोस खात्रीने येऊ शकतो.

खरी तपासणी आकड्यांच्या आपसातल्या नात्यावरून होते. एका रकान्यात `1,284.50`, `316.75` आणि `98.20` आहेत आणि खाली बेरीज `1,699.45` आहे असे धरू. वाचलेल्या आकड्यांची बेरीज `2,199.45` आली, तर फरक नेमका ५०० आहे. म्हणजे शतकस्थानी एखादा अंक पाचाने वाढला आहे. `316.75` मधला ३ हा ८ वाचला गेला असणार, आणि ही जोडी आकाराने जवळची आहेच. आता बेरीज `33,057.70` आली असे समजा. फरक ३१,३५८.२५ होतो आणि त्याला ९९ ने भागले की ३१६.७५ मिळतात. दोन दशांश स्थळांच्या आकड्यातला बिंदू गळला की आकडा शंभरपट होतो, म्हणून फरक मूळ आकड्याच्या ९९ पट येतो. दोषी घर कोणते हे अशा रीतीने चित्र न उघडताच कळते, पण दुरुस्ती मात्र चित्र पाहूनच करावी. बेरीज स्वतःही चित्रच असते, तेव्हा चूक तिच्यातही असू शकते. एकाच रकान्यातल्या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील, तर ही चाळणी त्यांना अडवत नाही; आडव्या ओळींच्या बेरजा असतील तर त्या इथे मदतीला येतात.

देवनागरी अंकांसाठी `mar` हा प्रशिक्षित संच लागतो आणि परवानगीच्या यादीतही देवनागरी अंकच द्यावे लागतात. लहान आकारात १ आणि ९, तसेच ५ आणि ६ या जोड्यांवर विशेष नजर ठेवावी.

चित्रे सर्व्हर एकाच फाँटमधून तयार करत असेल, तर ओसीआरपेक्षा साचेजुळणी सरस ठरते. चित्र कोऱ्या उभ्या रेघांवर कापून एकेक अंक वेगळा करायचा, प्रत्येक वेगळ्या आकृतीला एकदाच हाताने नाव द्यायचे आणि पुढे पिक्सेल-पिक्सेल तुलना करायची. दहा अंक, बिंदू आणि स्वल्पविराम एवढ्यात काम भागते. सर्व्हरने फाँट बदलला, तर काहीच जुळत नाही आणि काम तिथेच थांबते. चुकीचा आकडा निमूटपणे पुढे जाण्यापेक्षा हे परवडते. अंकांच्या कडा करड्या छटांनी गुळगुळीत केलेल्या असतील, तर तोच अंक जागेनुसार किंचित वेगळा उमटतो आणि एका अंकाचे दोन-चार साचे ठेवावे लागतात. जेपेग चित्रांत दाबणीमुळे पिक्सेल बदलतात. तिथे तंतोतंत जुळणी सोडून सर्वांत कमी फरकाचा साचा निवडावा लागतो, आणि दुसऱ्या क्रमांकाचा साचा फार जवळ आला तर ते घर हाताने पाहावे.